रात्रीच्या मीटिंगची पाळी

आमची टीम पुणे, बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणी होती, तोवर साप्ताहिक मीटिंगच्या वेळेवर कोणी बोलत नव्हतं. कॅलिफोर्नियाची सकाळी नऊची वेळ ठरलेली. बर्लिनला तेव्हा संध्याकाळचे सहा, पुण्याला उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. पुण्यातल्या आम्ही चौघांनी हे नोकरीचा भाग म्हणून धरलं होतं. मग आमच्यातली एक सहकारी नवऱ्याच्या बदलीमुळे सिडनीला गेली आणि तिथूनच काम करू लागली. तिच्यासाठी हीच मीटिंग जुलैत रात्री दोनला आणि जानेवारीत पहाटे चारला येत होती. ती रेकॉर्डिंग बघायची. दोन महिन्यांनी ती मला म्हणाली, "अगं, मी बघते तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. मला प्रश्न पडतो तेव्हा उत्तर द्यायला तिथे कोणीच नसतं."

टीमचं वेळापत्रक, रजा, रिलीजच्या तारखा हे सगळं माझ्याकडे असल्यामुळे हे कामही माझ्याकडे आलं. वेळ फिरती ठेवायची, म्हणजे प्रत्येकाला कधीतरी अवघड आणि कधीतरी सोयीची मिळेल, एवढंच मॅनेजरने सांगितलं होतं. पुढचं सगळं शोधायचं होतं.

पहिल्यांदा मी प्रत्येकाशी वेगळं बोलले. ग्रुपवर विचारलं असतं तर पुण्यातली ज्युनियर मुलं कुठल्याही वेळेला हो म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. "रात्री साडेनऊ जमेल का?" असं विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी विचारलं, "बुधवारी रात्री साडेनऊला तुझ्या घरी काय चाललेलं असतं?" त्यावर माणसं बोलू लागली. एकाची चार वर्षांची मुलगी त्याच वेळेला झोपते आणि बाबाशिवाय झोपत नाही. एकीला रात्री काही अडचण नव्हती, पण सकाळी सात ते पावणेआठ हा वेळ मुलाचा डबा आणि स्कूल व्हॅन यातच जातो. बर्लिनचा सहकारी साडेआठला मुलांना पाळणाघरात सोडतो, त्यामुळे सात चालेल पण आठ नाही, हे उत्तर मला अनपेक्षित होतं. कॅलिफोर्नियातला एक जण पहाटे साडेपाचला उठणारा, त्याला सहा वाजता बोलायला काहीच वाटत नव्हतं, मात्र रात्री दहा त्याच्यासाठी कठीण. लवकरची वेळ वाईट की उशिराची, हे नकाशावरून कळत नाही. घरोघरी ते वेगळं असतं.

त्यानंतर कोणत्या वेळा मुळात शक्य आहेत ते बघायला बसले. वेबसाइटवरचे रंगीत तक्ते होते, पण खरा उलगडा झाला तो कागदावर. एका मोठ्या वर्तुळाचे चोवीस भाग केले आणि त्यावर चारही ठिकाणं त्यांच्या जागतिक वेळेपासूनच्या फरकानुसार ठिपक्यांनी मांडली. उन्हाळ्यात, म्हणजे उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात, सॅन फ्रान्सिस्को ७ तास मागे, बर्लिन २ तास पुढे, पुणे साडेपाच तास पुढे, सिडनी १० तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे सहा या सहा तासांत कोणालाही बोलवायचं नाही, एवढी एक अट धरली. सहा तास म्हणजे वर्तुळाचा चौथा हिस्सा. तेवढी कागदाची पाचर कापली आणि ती वर्तुळावर फिरवून बघितली. पाचरीखाली एकही ठिपका येत नाही अशी जागा सापडली, तरच सगळ्यांना जागेपणी भेटता येईल अशी वेळ असते.

वर्तुळ बघितल्यावर समजतं की सगळा प्रश्न ठिपक्यांमधल्या अंतराचा आहे. बर्लिन ते पुणे साडेतीन तास, पुणे ते सिडनी साडेचार, सिडनीपासून पुढे पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सात, आणि तिथून बर्लिनपर्यंत नऊ. सहा तासांची पाचर फक्त शेवटच्या दोन फटींत बसते. म्हणजे चार ठिकाणं असली तरी सगळ्यांनी एकत्र भेटण्याच्या वेळा चार नसतात, दोनच असतात. 'प्रत्येक ठिकाणाला आळीपाळीने सोयीची वेळ द्या' हे ऐकायला छान वाटतं, पण सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी दोनची वेळ दिली की पुण्यात रात्रीचे अडीच वाजतात. अशी पाळी कागदावर समान दिसते आणि ती पाळायला कोणी येत नाही.

त्यात एक बारकावा आहे. मीटिंग जेवढी लांब तेवढी पाचर रुंद होते, कारण मीटिंग संपेपर्यंतही कोणाची मध्यरात्र व्हायला नको. आमची मीटिंग तासाभराची होती. सात तासांच्या फटीत सहा तासांची रात्र आणि एक तासाची मीटिंग घातली की पाच मिनिटंही इकडेतिकडे करायला उरत नाहीत. म्हणून आधी मीटिंग पाऊण तासाची केली. ज्या गोष्टी लिहून कळवता येतात त्या बाहेर काढल्या, तेव्हा ती पाऊण तासात बसलीही.

अशा दोन वेळा हाती आल्या. पहिली सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारी रात्री दहाची: बर्लिनला बुधवारी सकाळचे सात, पुण्यात साडेदहा, सिडनीत दुपारचे तीन. दुसरी सिडनीत बुधवारी रात्री अकराची: पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, बर्लिनला दुपारचे तीन, सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे सहा. वारही मुद्दाम निवडला. सॅन फ्रान्सिस्कोचा सोमवार धरला असता, तर अमेरिकेच्या बऱ्याच सुट्ट्या सोमवारी येत असल्यामुळे तिथल्या लोकांना सुट्टीच्या रात्री दहाला लॅपटॉप उघडावा लागला असता. शुक्रवार धरला तर पूर्वेकडे शनिवार उजाडतो. आपला बुधवार धरला की दोन्हीकडे कामाचा दिवस राहतो.

आता हिशोब. कोणाला किती त्रास झाला हे नुसत्या आठवणीवर ठेवलं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचा त्रास मोठा ठरतो. म्हणून एक साधी वही केली, खरं तर स्प्रेडशीटच. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा शून्य गुण. सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहा ते रात्री नऊ, एक गुण. सकाळी सहा ते सात किंवा रात्री नऊनंतर, तीन गुण. ज्याच्या घरची परिस्थिती वेगळी, त्याच्यासाठी हे आकडे त्याच्याशी बोलून बदलले, पण कोणालाही एका बाजूला गुण वाढवून घ्यायचे तर दुसऱ्या बाजूला तेवढे कमी करावे लागायचे. ही अट नसती तर प्रत्येकाची प्रत्येक वेळ तीन गुणांची झाली असती.

इथे मॅनेजरशी माझा खरा वाद झाला. त्याचं म्हणणं, सगळ्यांच्या गुणांची बेरीज करू आणि ती कमीत कमी येईल तसं वेळापत्रक लावू. पण पुण्यात आम्ही आता तिघं, कॅलिफोर्नियात चौघं, सिडनीत एकटी ती. बेरीज कमी करायची म्हटलं की दर वेळी तिलाच जागवणं स्वस्त पडतं, कारण एका माणसाचे तीन गुण चार माणसांच्या बारा गुणांपेक्षा कमीच असणार. ज्या कारणासाठी हे सगळं सुरू केलं तेच पुन्हा झालं असतं, फक्त या वेळी गणिताच्या शिक्क्यासह. मी म्हटलं, बेरीज बघायचीच नाही, ज्याचे गुण सर्वांत जास्त आहेत त्याचे कमी करत जायचं. त्याला पटायला आठवडा लागला, पण पटलं.

एप्रिलमध्ये सुरुवात केली: एक आठवडा पहिली वेळ, एक आठवडा दुसरी. बारा आठवड्यांनी वही उघडली तेव्हा सिडनीचे अठरा गुण, बर्लिनचे सहा, पुण्याचे सहा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे छत्तीस. दोन्ही वेळा सगळ्यांना जागेपणी गाठणाऱ्या असल्या, तरी दोन्ही फटींच्या काठावर सॅन फ्रान्सिस्कोच होतं. एका आठवड्यात रात्री दहा, पुढच्या आठवड्यात सकाळी सहा. वर्षानुवर्षं सकाळी नऊची सोय भोगलेल्या माणसांना हे एकदा कळायलाच हवं, असं पुण्यात एकजण बोललाही. मला ते मान्य नव्हतं. मागची भरपाई म्हणून पाळी लावली की ती न्यायाची राहत नाही, आणि ज्यांच्यावर भार येतो ती माणसं गुपचूप गैरहजर राहू लागतात.

म्हणून तिसरी वेळ घातली, आणि ती आम्ही पुणेकरांनी आपणहून घेतली: पुण्यात बुधवारी रात्री साडेनऊ. उन्हाळ्यात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ आणि बर्लिनला संध्याकाळचे सहा असतात. सिडनीत रात्रीचे दोन, म्हणून त्या आठवड्यात सिडनीला अधिकृत सुट्टी. गैरहजेरीलाही दोन गुण लावले, कारण बाहेर राहणं हाही त्रासच आहे. तीन आठवड्यांचं चक्र केल्यावर तेवढ्याच बारा आठवड्यांचा हिशोब असा आला: सॅन फ्रान्सिस्को चोवीस, सिडनी वीस, पुणे सोळा, बर्लिन आठ. बर्लिन भूगोलानेच मधोमध आहे, त्याला काही करता येत नाही. तिथल्या दोघांनी मग मीटिंगची टिपणं लिहिण्याचं काम कायमचं आपल्याकडे घेतलं. साडेनऊला मुलीला झोपवणारा आमचा सहकारी त्या आठवड्यात दहा मिनिटं उशिरा येतो आणि त्याचा विषय शेवटी ठेवतो, हे ठरवून टाकलं.

बाहेर राहणाऱ्यासाठी तीन नियम लागले. अजेंडा आणि प्रत्येक मुद्द्यामागची माहिती चोवीस तास आधी लिहून ठेवायची. ती आधी वाचून गैरहजर माणसाने आपलं मत लिहिलं असेल, तर मीटिंगची सुरुवात ते मोठ्याने वाचून करायची. आणि ठरलेली गोष्ट गैरहजर ठिकाणचा पुढचा कामाचा दिवस संपेपर्यंत कच्ची धरायची. या तिसऱ्या नियमाचा उपयोग पहिल्याच महिन्यात दिसला. एका ग्राहकाचा डेटा हलवण्याची तारीख आम्ही पुण्याच्या रात्री ठरवली. सकाळी सिडनीहून एक ओळ आली की त्याच दिवशी तिथल्या ग्राहकाचं तिमाही क्लोजिंग आहे. तारीख बदलली. जुन्या पद्धतीत तिने हे दोन दिवसांनी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं असतं.

ऑक्टोबरसाठी मी आधीपासून तयारीत होते, कारण घड्याळं बदलण्याच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावल्या होत्या. २०२५ च्या तारखा अशा: अमेरिका ९ मार्चला एक तास पुढे, युरोप ३० मार्चला पुढे, सिडनी ६ एप्रिलला मागे, पुन्हा ५ ऑक्टोबरला पुढे, युरोप २६ ऑक्टोबरला मागे, अमेरिका २ नोव्हेंबरला मागे. भारतात घड्याळ हलत नाही. सिडनी दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ती उलट दिशेने हलते, आणि गोची इथेच आहे. जुलैत सिडनी आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामधली फट सात तासांची असते. ५ ऑक्टोबरला सिडनी पुढे गेली की ती सहा होते, आणि २ नोव्हेंबरला अमेरिका मागे गेली की पाच. पाऊण तासाच्या मीटिंगसह रात्रीची पाचर त्यात मावतच नाही. सिडनीची रात्री अकराची वेळ तशीच ठेवली असती, तर जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे चार वाजले असते. तेव्हा दुसरी वेळ फक्त एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंतच जिवंत असते.

बाकीच्या सहा महिन्यांसाठी तिच्या जागी पुण्याची सकाळी साडेसातची वेळ घेतली. हिवाळ्यात तेव्हा सिडनीत दुपारचा एक आणि सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या संध्याकाळचे सहा असतात. बर्लिनला पहाटेचे तीन, म्हणून या वेळी बर्लिनला सुट्टी. सिडनीला हिवाळ्यात आपल्या साडेनऊच्या आठवड्यात सुट्टी असतेच. सकाळी डब्याच्या गडबडीत असणाऱ्या सहकारीने त्या आठवड्यात पावणेआठनंतर सामील व्हायचं, असं तिच्याशी बोलून ठरलं आणि तिचा विषय शेवटी ठेवला जाऊ लागला.

कॅलेंडरमध्ये या सगळ्याची नोंद करताना एक गोष्ट फार कामाची ठरली. वारंवार येणारी मीटिंग कॅलेंडर एका ठरावीक टाइम झोनला बांधून ठेवतं, आणि ती वेळ बनवणाऱ्याच्या झोनला बांधली जाते. मी पुण्यात बसून चारही वेळा बनवल्या असत्या, तर सॅन फ्रान्सिस्कोची रात्री दहाची वेळ नोव्हेंबरात नऊची आणि बर्लिनची सातची वेळ सहाची झाली असती. म्हणून प्रत्येक वेळ ज्याला सर्वांत जास्त त्रास होतो त्याच्या झोनला बांधली: पहिली `America/Los_Angeles`, दुसरी `Australia/Sydney`, पुण्याच्या दोन्ही वेळा `Asia/Kolkata`. त्यामुळे जो आधीच काठावर आहे त्याची वेळ आपोआप आणखी वाईट होत नाही, घड्याळ बदलाचा धक्का सोयीत बसलेल्यांना लागतो. प्रत्येक वेळेची वेगळी मालिका, दर तीन आठवड्यांनी येणारी, आणि नावातच कोणाला सुट्टी ते लिहिलेलं. तरीही अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या रविवारी बदलत असल्यामुळे मार्चमधले तीन आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा सॅन फ्रान्सिस्कोची रात्री दहाची वेळ बर्लिनला सकाळी सहाची पडते. त्या आठवड्यांत पहिली वेळ आली तर ती पुढच्या वेळेशी अदलाबदल करतो.

सुट्ट्यांचं काय करायचं हा प्रश्न दिवाळीत आला. दिवाळीचा आठवडा, थँक्सगिव्हिंग, नाताळ यांत मीटिंग रद्द होते, आणि ज्याचा अवघड आठवडा रद्द झाला तो सुटतो. चक्र एक घर पुढे सरकवावं असं सुचवलं गेलं, पण मी ते होऊ दिलं नाही. माणसांनी घरचं वेळापत्रक त्या चक्रावर बसवलेलं असतं. कुणाची आई त्या रात्री मुलांकडे येते, कुणी त्या संध्याकाळी क्लास सोडलेला असतो. चक्र हलवायचं नाही, गुण फक्त झालेल्या मीटिंगचे मांडायचे आणि फरक पुढच्या तिमाहीत भरून काढायचा.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेळापत्रकात नव्हता. मॅनेजरच्या वरचा डायरेक्टर सॅन फ्रान्सिस्कोत बसतो. रात्री दहाच्या आठवड्यात तो येईना. दोन फेऱ्यांनंतर तिथले आणखी दोघं येईनात, आणि महत्त्वाचे विषय हळूहळू त्यांच्या सकाळी नऊच्या आठवड्यासाठी मागे ठेवले जाऊ लागले. सिडनी नेमकी त्याच आठवड्यात नसते. हजेरीच्या यादीत हे दिसत नाही, कारण संख्या फारशी कमी होत नाही. निर्णयांची नोंद आठवड्यानुसार लावली तेव्हा दिसलं: जवळजवळ सगळे मोठे निर्णय एकाच वेळेच्या खाली साचले होते. ती यादी घेऊन मी डायरेक्टरशी बोलले. म्हटलं, तुम्हाला रात्री दहाला येणं जमत नसेल तर त्याला माझी हरकत नाही, पण त्या रात्री तुमच्या वतीने हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे ते सांगा. त्यांनी पहाटे उठणाऱ्या त्या इंजिनिअरऐवजी रात्री जागणाऱ्या दुसऱ्या इंजिनिअरला तो अधिकार लेखी दिला. महिन्याभरात निर्णय तिन्ही वेळांमध्ये पसरले. आता दर तिमाहीला गुणांच्या वहीसोबत ही यादीही आम्ही बघतो.

मार्चमध्ये टोरांटोत एक जण रुजू होतोय. वर्तुळावर त्याचा ठिपका टाकला तर सॅन फ्रान्सिस्को ते बर्लिन ही नऊ तासांची मोठी फट दुभंगून तीन आणि सहा अशी होते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रात्री दहाला टोरांटोत रात्रीचा एक वाजतो. सिडनीची रात्री अकराची वेळ त्याला सोपी आहे, तिथे सकाळचे नऊ असतात, पण ती फक्त एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर सगळ्यांनी एकत्र भेटता येईल अशी एकही वेळ उरणार नाही. तेव्हा हिवाळ्यात सगळ्यांची मीटिंग ठेवायचीच नाही, पाळी फक्त गैरहजेरीची लावायची आणि निर्णय पक्का होण्याची मुदत एका दिवसाऐवजी दोन दिवस करायची, असा प्रस्ताव मी टीमपुढे ठेवला आहे. सिडनीहून पहिलं उत्तर आलं: दोन दिवस चालतील, पण सलग दोन आठवडे कोणीच बाहेर राहू नये, हेही नियमात लिही. ते मी लिहिलं आहे. बर्लिनचं उत्तर यायचं आहे.